‘पैसे तर खात्यात आलेच नाहीत, मग कर कसला?’ म्युच्युअल फंडातला प्रत्येक ‘स्विच’ ही विक्रीच

बदलापूर : आयकर रिटर्न भरायचे दिवस आले की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर पट्ट्यातल्या कर सल्लागारांकडे एक प्रश्न हमखास येतो. ‘अहो, मी फंड विकलाच नाही. एका स्कीममधून काढून दुसऱ्या स्कीममध्ये टाकला, एवढंच. बँकेत एक रुपया आला नाही. मग आयकराच्या पोर्टलवर माझ्या नावावर पाच-सहा लाखांची विक्री कशी काय दिसतेय?’

प्रश्न साधा आहे आणि त्याचं उत्तरही एका ओळीचं आहे. म्युच्युअल फंडाच्या एका योजनेतून दुसऱ्या योजनेत पैसे वळवणं, म्हणजेच ‘स्विच’, ही आयकर कायद्याच्या नजरेत पहिल्या योजनेची विक्री आणि दुसऱ्या योजनेची नवी खरेदी असते. पैसे हातात आले की नाही, याला इथे महत्त्व नाही. युनिट गेली, त्यांच्या बदल्यात दुसरी मिळाली, म्हणजे हस्तांतर झालं. आणि वर्षात तीन वेळा स्विच केला असेल, तर नफा-तोट्याची मांडणीही तीन वेळा, वेगवेगळी करावी लागते. लोक अडखळतात ते या दुसऱ्या भागात.

घोळाचं एक मूळ ‘फ्री स्विच’ या शब्दात आहे. एजंट सांगतो, ‘स्विच फ्री आहे.’ तो बोलतो फीबद्दल आणि ऐकणारा समजतो कराबद्दल. दुसरं मूळ विमा कंपन्यांच्या युलिपमध्ये आहे. युलिपमध्ये पॉलिसी चालू असताना इक्विटी फंडातून डेट फंडात पैसे फिरवले, तर त्या फिरवण्यावर कर लागत नाही, कारण पॉलिसी तीच राहते. एनपीएसमध्ये पैशांची वाटणी बदलली, तरी तेच. आनंदनगर एमआयडीसीतल्या एखाद्या कामगाराकडे युलिपही असते, एनपीएसही असतं आणि चार म्युच्युअल फंडही असतात. मोबाइलवर तिन्हीकडे बटण एकाच नावाचं, ‘स्विच’. कायदा मात्र तिघांसाठी एक नाही. म्युच्युअल फंडात प्रत्येक योजना ही स्वतंत्र मालमत्ता धरली जाते. एक प्लॉट विकून दुसरा घेतला आणि पैसे परस्पर वळते झाले, तरी पहिल्या प्लॉटची विक्री ती विक्रीच, तसाच हा हिशेब.

तीन स्विच, चार हिशेब

एक उदाहरण आकड्यांसकट बघू. उदाहरण काल्पनिक आहे, पण नियम आर्थिक वर्ष 2025-26 चे खरे आहेत. बदलापूर पश्चिमेला राहणारे, अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी करणारे एक सुपरवायझर समजा. पगार आणि मुदत ठेवीचं व्याज धरून त्यांचं करपात्र उत्पन्न 6 लाख रुपये. नवी करप्रणाली घेतली आहे, त्यामुळे 12 लाखांपर्यंत कर नाही, असं ते निर्धास्तपणे मानून आहेत.

त्यांनी एका इक्विटी फंडात दोन वेळा पैसे टाकले. 12 जून 2023 रोजी 3,00,000 रुपये, तेव्हा एका युनिटचा भाव म्हणजे एनएव्ही 30 रुपये, म्हणून 10,000 युनिट मिळाली. पुढे 20 जानेवारी 2025 रोजी 1,20,000 रुपये टाकले, तेव्हा भाव 40 होता, मिळाली 3,000 युनिट. एकूण गुंतवणूक 4,20,000. खरेदीच्या वेळी 0.005 टक्के मुद्रांक शुल्क लागतं आणि इक्विटी फंडातून बाहेर पडताना थोडा रोखे व्यवहार करही लागतो. दोन्ही रकमा इतक्या किरकोळ असतात, की इथे सोडून देऊ.

पहिला स्विच 16 सप्टेंबर 2025 चा. कुणीतरी सांगितलं की त्याच कंपनीची दुसरी इक्विटी योजना चांगली चालली आहे. सुपरवायझरांनी अर्जात ‘सर्व युनिट’ या रकान्यावर खूण केली. त्या दिवशी भाव 45 होता. 13,000 युनिटचे झाले 5,85,000 रुपये.

वरवर पाहता नफा 1,65,000. पण हा एक नफा नाही, दोन आहेत. जून 2023 ची 10,000 युनिट दोन वर्षांहून जुनी. इक्विटी फंडाची युनिट 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली की नफा दीर्घकालीन होतो. प्रत्येक युनिटमागे 15 रुपये, म्हणजे 1,50,000 रुपये दीर्घकालीन नफा. जानेवारी 2025 ची 3,000 युनिट मात्र आठ महिनेही झालेली नव्हती. त्यावरचा नफा अल्पकालीन. शिवाय एक वर्षाच्या आत बाहेर पडलं म्हणून फंडाने त्यावर 1 टक्का एक्झिट लोड कापला. अनेक इक्विटी योजनांमध्ये असा लोड असतो. 1,35,000 रुपयांवर 1,350 रुपये गेले. त्यामुळे अल्पकालीन नफा 15,000 नाही, तर 13,650 रुपये. एक्झिट लोड विक्रीच्या रकमेतूनच वजा होतो, हे लक्षात ठेवायला हवं. त्यावर कर भरायचा नसतो.

दुसऱ्या योजनेत गेले 5,83,650 रुपये. तिचा भाव 25 होता, म्हणून 23,346 युनिट मिळाली आणि ती नावावर पडली 18 सप्टेंबरला. बाहेर पडण्याची आणि आत शिरण्याची तारीख नेहमी एकच नसते. इक्विटी फंडाचे पैसे मोकळे व्हायला दोन-तीन दिवस जातात आणि नवी युनिट त्यानंतर मिळतात.

आता दुसरा स्विच. जानेवारीत बाजार डळमळला, सुपरवायझर धास्तावले. 20 जानेवारी 2026 रोजी त्यांनी दुसऱ्या योजनेतली 10,000 युनिट लिक्विड फंडात वळवली. भाव उतरून 24 झाला होता. हातात यायला हवे होते 2,40,000, पण पुन्हा 1 टक्का एक्झिट लोड, म्हणजे 2,400 रुपये गेले. लिक्विड फंडात पोचले 2,37,600.

इथे घरोघरी जी चूक होते, ती अशी की माणूस अजूनही जून 2023 आणि 30 रुपये हेच डोक्यात ठेवून असतो. ‘मी तर अडीच वर्षं गुंतवणूक ठेवली आहे, हा दीर्घकालीनच.’ नाही. पहिल्या स्विचबरोबर जुनी तारीख आणि जुना भाव दोन्ही संपले. नव्या युनिटची खरेदी तारीख 18 सप्टेंबर 2025 आणि खरेदी भाव 25 रुपये. म्हणून हा चार महिन्यांचा व्यवहार आहे आणि त्यात नफा नसून 12,400 रुपयांचा अल्पकालीन तोटा आहे. युनिटमागे एक रुपया उतरला ते 10,000 आणि एक्झिट लोडचे 2,400.

तिसरा स्विच 24 मार्च 2026 चा. लिक्विड फंडात 2,970 रुपये भावाने 80 युनिट मिळाली होती, ती आता 3,000 रुपयांना गेली. पैसे एका हायब्रिड योजनेत वळवले. नफा 2,400 रुपये. लिक्विड फंड हा कर्जरोख्यांतला फंड. अशा फंडाची 1 एप्रिल 2023 पासून घेतलेली युनिट कितीही वर्षं ठेवली, तरी नफा अल्पकालीनच धरतात आणि तो पगारासारखा नेहमीच्या स्लॅबमध्ये मिसळतो. इथे 12 महिने की 24 महिने, हा प्रश्नच उरत नाही.

तीन स्विचमधून असे चार आकडे निघाले. इक्विटीचा दीर्घकालीन नफा 1,50,000. इक्विटीचा अल्पकालीन नफा 13,650. इक्विटीचाच अल्पकालीन तोटा 12,400. आणि लिक्विड फंडाचा स्लॅबमध्ये जाणारा 2,400.

कर किती बसला

दीर्घकालीन नफ्यात वर्षाला 1,25,000 रुपयांपर्यंत कर नाही. वरच्या 25,000 वर 12.5 टक्के, म्हणजे 3,125 रुपये. अल्पकालीन तोटा 12,400 हा अल्पकालीन नफ्यातून वजा केला की उरतात 1,250 रुपये. त्यावर 20 टक्के, म्हणजे 250. दोन्ही मिळून 3,375 आणि त्यावर 4 टक्के उपकर 135. एकूण 3,510 रुपये.

‘पण माझं उत्पन्न 12 लाखांच्या आत आहे ना?’ हा प्रश्न इथे येतोच. 12 लाखांपर्यंत कर शून्य होतो तो कलम 87अ च्या सवलतीमुळे. 2025-26 मध्ये ही सवलत फक्त स्लॅबच्या दराने लागणाऱ्या करावर मिळते. इक्विटी फंडाच्या नफ्यावर 12.5 आणि 20 टक्के असे खास दर आहेत. त्या कराला ही सवलत लागू नाही. सुपरवायझरांचा पगार, व्याज आणि लिक्विड फंडाचे 2,400 यांवरचा कर सवलतीत माफ झाला. 3,510 मात्र भरावेच लागतील.

आता नेहमीची कच्ची आकडेमोड बघा. माणूस मार्चअखेर वहीत लिहितो : टाकले 4,20,000. दुसऱ्या योजनेत उरली 13,346 युनिट, भाव 24, म्हणजे 3,20,304. हायब्रिडमध्ये 2,40,000. एकूण 5,60,304. वाढ झाली 1,40,304. सगळं 2023 पासूनचं, म्हणून दीर्घकालीन. सव्वा लाख वजा, उरले 15,304. त्यावर उपकरासह कर साधारण 1,990 रुपये. दिसायला हा हिशेब प्रामाणिक आहे, पण दोन ठिकाणी फसलेला आहे. दुसऱ्या योजनेत अजून पडून असलेल्या 13,346 युनिटवरची घट त्याने धरली, जी विक्री झाल्याशिवाय धरता येत नाही. आणि वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या दराची युनिट त्याने एकाच टोपलीत टाकली. म्हणून आकडा 1,520 रुपयांनी कमी आला. रक्कम दहापट असती, तर फरकही दहापट झाला असता.

ज्यांच्या हातात एकदम मोठी रक्कम आली आहे, त्यांना हे जास्त लागू. बदलापूरच्या आसपासच्या गावांत जमिनीचा मोबदला आला, अंबरनाथला निवृत्तीची ग्रॅच्युइटी आली, की ती तुकड्या-तुकड्याने फंडांत जाते. मग दर सहा महिन्यांनी ‘हा काढा, तो घ्या’ सुरू होतं. प्रत्येक सल्ल्याबरोबर एक विक्री नोंदवली जाते आणि तिची आठवण वर्षभरानंतर होते.

एक दिलासा मात्र आहे. त्याच नफ्यावर दोनदा कर लागत नाही. पहिल्या स्विचमध्ये जो नफा झाला, तो नव्या युनिटच्या खरेदी किमतीत धरला गेला. उद्या सुपरवायझरांनी उरलेली 13,346 युनिट विकली, तर नफा 30 रुपयांपासून नव्हे, 25 या नव्या भावापासून मोजला जाईल. पण त्यासाठी पहिल्या स्विचची नोंद कागदावर हवी. ती नसेल, तर पुढचा हिशेबही कोलमडतो.

फंड तोच, तरीही विक्री

लोकांना सर्वात अन्यायाचा वाटतो तो रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाण्याचा प्रकार. फंड तोच, व्यवस्थापक तोच, आतले शेअर तेच. फक्त एजंटचं कमिशन वाचावं म्हणून रेग्युलर प्लॅनमधून डायरेक्ट प्लॅनमध्ये स्विच केला. तरी ती विक्रीच. ग्रोथ पर्यायातून लाभांशाच्या पर्यायात गेलं, तरीही विक्री. प्रत्येक प्लॅनची आणि पर्यायाची एनएव्ही वेगळी असते, युनिट वेगळी असतात, म्हणून जुनी गेली आणि नवी आली, असाच अर्थ लागतो. कमिशन वाचवणं चुकीचं नाही. पण जुन्या युनिटवर बसणारा कर आणि एक्झिट लोड एका बाजूला आणि दरवर्षी वाचणारं कमिशन दुसऱ्या बाजूला ठेवून मगच बटण दाबावं. बरेच जण जुनी युनिट आहेत तिथेच ठेवून फक्त नवे हप्ते डायरेक्टमध्ये सुरू करतात. त्यात विक्रीचा प्रश्नच येत नाही.

एसटीपी हा तर अर्ज एकदाच करून रोज विसरलेला स्विच. उल्हासनगरच्या जीन्स मार्केटमधला किंवा फर्निचर मार्केटमधला एखादा दुकानदार सीझनचे पैसे लिक्विड फंडात टाकतो आणि दर महिन्याला 10,000 इक्विटीत वळते करण्याची सोय लावून ठेवतो. प्रत्येक महिन्याचा हप्ता ही एक विक्री. वर्षात 12 विक्री, प्रत्येकीचा नफा वेगळा. पहिल्या महिन्यात पन्नास-साठ रुपये, शेवटच्या महिन्यात पाच-सहाशे. रक्कम क्षुल्लक, पण परिणाम रिटर्नच्या फॉर्मवर होतो. पगारदारांचा साधा फॉर्म म्हणजे आयटीआर-1, ‘सहज’. छोट्या दुकानदारांचा अंदाजी नफ्याचा आयटीआर-4, ‘सुगम’. या दोन्हींत आता इक्विटीचा सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा दाखवता येतो. अल्पकालीन नफा मात्र नाही, तो चाळीस रुपये असला तरी नाही. मग पगारदाराला आयटीआर-2 आणि व्यापाऱ्याला आयटीआर-3 भरावा लागतो. ‘एवढ्याशा रकमेसाठी कशाला’ म्हणून सहज भरून टाकणारे पुष्कळ असतात. फॉर्म चुकला, की रिटर्न सदोष ठरवल्याची नोटीस येऊ शकते.

एसआयपीने जमवलेल्या फंडाचा स्विच असेल, तर एकाच स्विचच्या आत अनेक हिशेब दडलेले असतात. 30 महिन्यांची एसआयपी म्हणजे 30 खरेद्या, 30 तारखा. फोलिओतून युनिट बाहेर पडताना जी आधी आली, ती आधी गेली असं धरतात. म्हणून अर्धी युनिट वळवली, तर बहुधा जुनीच जातात आणि नफा दीर्घकालीन राहतो. सगळी वळवली, की शेवटचे बारा हप्ते अल्पकालीन नफ्यात अडकतात आणि एक्झिट लोडही भरतात. अर्जात ‘रक्कम’, ‘युनिट’ आणि ‘सर्व युनिट’ असे तीन रकाने असतात. तिसरा सोपा म्हणून लोक त्यावर खूण करतात, आणि महाग पडतो तोच.

आपल्या सुपरवायझरांनी सप्टेंबरमध्ये 13,000 ऐवजी 8,333 युनिट वळवली असती, तर नफा 1,24,995 झाला असता. सव्वा लाखाच्या आत. कर शून्य. उरलेली जुनी 1,667 आणि जानेवारीतली 3,000 युनिट एप्रिल 2026 मध्ये वळवली असती, तर नव्या वर्षाची नवी सूट मिळाली असती. तोवर जानेवारीच्या युनिटना वर्षही पूर्ण झालं असतं, म्हणजे 1,350 चा लोडही वाचला असता. अर्थात मधल्या सात महिन्यांत त्या युनिटचा भाव पडलाही असता. कर वाचवायला थांबणं ही बाजारावर लावलेली पैजच असते, हे विसरून चालत नाही.

जिथे विक्री धरत नाहीत

दोन प्रकारांत मात्र काळजीचं कारण नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये सेबीने फंडांच्या योजनांची वर्गवारी ठरवून दिली आणि पुढच्या वर्षी अनेक कंपन्यांनी आपल्या योजना एकमेकींत विलीन केल्या. गुंतवणूकदाराने काहीच न करता त्याच्या स्टेटमेंटवर योजनेचं नाव बदललं. असं फंड कंपनीने केलेलं विलीनीकरण, इक्विटीचं इक्विटीत आणि इतर प्रकारचं इतर प्रकारात, कायद्याने विक्री मानलेलं नाही. जुनी तारीख आणि जुना भाव पुढे चालू राहतात. तरीही स्टेटमेंटवर विलीनीकरणाची नोंद स्विचसारखी दिसू शकते, म्हणून ते कागद जपून ठेवावेत. पण विलीनीकरण होणार म्हणून आधीच घाबरून कुणी स्वतः स्विच केला असेल, तर ती विक्रीच.

दुसरा प्रकार, योजनेच्या आतली उलाढाल. हायब्रिड किंवा बॅलन्स्ड अॅडव्हान्टेज योजनेत व्यवस्थापक स्वतः शेअर कमी करतो, रोखे वाढवतो. तो फंडाचा व्यवहार, युनिटधारकाचा नाही. बाजार चढला-पडला की ज्यांचा हात स्विचकडे जातो, त्यांच्यासाठी ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

कागद कुठे बघायचे

आयकर पोर्टलवरच्या वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे AIS मध्ये, म्युच्युअल फंड युनिटच्या विक्रीखाली स्विचमधून बाहेर गेलेल्या रकमा दिसतात. तिथे दिसणारा मोठा आकडा हा विक्रीचा असतो, नफ्याचा नाही. सुपरवायझरांच्या बाबतीत तीन स्विचची मिळून बेरीज साडेदहा लाखांच्या वर जाते, घातलेले पैसे मात्र सव्वाचार लाखांच्याही आत. तेच पैसे फिरत राहिले, म्हणून विक्री फुगली. ते पाहून घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्ष करूनही चालत नाही.

नफ्याचा तपशील मिळतो भांडवली नफ्याच्या स्टेटमेंटमध्ये. बहुतेक फंड कंपन्यांच्या नोंदी कॅम्स आणि केफिनटेक या दोन संस्थांकडे असतात. एकाच संस्थेकडून स्टेटमेंट घेतलं, की दुसरीकडच्या योजना सुटतात. पुष्कळांचा हिशेब इथेच अपुरा राहतो. दोन्हीकडून, पॅन आणि ईमेल देऊन, संपूर्ण आर्थिक वर्षाचं स्टेटमेंट मागवावं. त्यात प्रत्येक विक्रीसमोर खरेदीची तारीख, खरेदीचा भाव आणि नफा लिहिलेला असतो. व्यवहारांच्या यादीत ‘Switch Out’ आणि ‘Switch In’ असे शब्द शोधले, की कुठले स्विच आपण विसरलो होतो तेही सापडतं. 31 जानेवारी 2018 पूर्वीची इक्विटी युनिट असतील, तर त्या दिवसाच्या भावाचा विशेष नियम लागतो आणि नफा बहुधा कमी होतो. स्टेटमेंटमध्ये तो रकाना वेगळा असतो.

ज्यांचं 2024-25 चं काम मागे राहिलं आहे, त्यांनी प्रत्येक स्विचची तारीख आधी बघावी. त्या वर्षात 23 जुलै 2024 रोजी दर बदलले. त्याआधीच्या स्विचवर इक्विटीचा अल्पकालीन नफा 15 टक्के आणि दीर्घकालीन 10 टक्के, त्या दिवसापासून 20 आणि 12.5. जूनचा स्विच आणि ऑगस्टचा स्विच एकत्र बेरीज करून एक दर लावला, की आकडा चुकलाच.

गृहिणीच्या नावावर फंड असेल आणि तिचं दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या प्रणालीतली 4 लाखांची मूळ सूट या नफ्यालाही वापरता येते आणि कर बहुधा लागत नाही. फक्त पैसा नवऱ्याने दिलेला असेल, तर नफा नवऱ्याच्याच उत्पन्नात मोजतात. घराघरात हे विसरलं जातं.

फंडाच्या विक्रीवर देशात राहणाऱ्याचा टीडीएस कापला जात नाही. त्यामुळे स्विचच्या दिवशी काही कळतच नाही. वर्षाचा एकूण कर टीडीएस वजा जाता 10,000 किंवा त्याहून अधिक निघत असेल, तर आगाऊ कराचे हप्तेही लागू होतात. आणि तोट्याचा स्विच ‘तोटाच तर आहे’ म्हणून रिटर्नमध्ये लिहिला नाही, तर तो वजा करता येत नाही. वेळेत रिटर्न भरलं, तर न वापरलेला तोटा पुढची आठ वर्षं नेता येतो. सुपरवायझरांनी जानेवारीचा 12,400 चा तोटा दाखवला नसता, तर 3,510 ऐवजी 6,089 रुपये भरावे लागले असते.